आठ डेस्क, आठ पाकळ्या

फेअरवेल कार्डाचा ऑफिसमधला प्रवास तुम्हाला पाठ असेलच. कुणीतरी लंच टाइममध्ये खाली जाऊन एक मोठ्ठं रेडिमेड कार्ड आणतं, ते फाइलमध्ये लपवून डेस्क टू डेस्क फिरवलं जातं आणि 'ऑल द बेस्ट, कीप इन टच' हे वाक्य आठ वेगवेगळ्या अक्षरांत लिहून परत येतं. जाणारी व्यक्ती तीन वर्षं तुमच्या शेजारी बसलेली असते, तुमच्या डब्यातली भाजी तिने खाल्लेली असते आणि शेवटी तिला मिळतं काय, तर दुसऱ्याने छापलेलं कार्ड!

म्हणून या वीकेंडसाठी एक हटके प्लॅन. क्विलिंगचं कार्ड करायचं. म्हणजे कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून केलेल्या फुलाचं. फुलाला पाकळ्या आठ आणि प्रत्येक पाकळी टीममधल्या एकेकाने स्वतःच्या हाताने केलेली. अडचण एकच. आठ जणांपैकी सात जणांनी क्विलिंग हा शब्दही ऐकलेला नसतो आणि सगळ्यांना एका खोलीत बसवून शिकवायला वेळ कुणाकडे आहे? तेव्हा मोबाइलवर साडेतीन मिनिटांचा एक व्हिडिओ शूट करायचा आणि ग्रुपवर टाकून द्यायचा. आज त्याचंच स्क्रिप्ट देतोय, क्लोज-अपसकट.

स्क्रिप्ट कशाला, कॅमेरा लावून करत सुटू की, असं म्हणाल. पण इथेच गोची आहे. क्विलिंगमध्ये नव्वद टक्के वेळ पट्टी गुंडाळण्यात जातो आणि त्यात शिकण्यासारखं फारसं काही नसतं. चुकतं ते दोन ठिकाणी. एक, गुंडाळी सुईवरून काढून सैल सोडताना. दोन, तिला चिमटीत दाबून पाकळीचा आकार देताना. दोन्ही कामं दोन-दोन सेकंदांची. नुसता कॅमेरा लावून ठेवलात, तर प्रेक्षक चार मिनिटं गुंडाळणं बघत बसतो आणि नेमक्या त्या दोन सेकंदांना तुमचा अंगठा मधे आलेला असतो. स्क्रिप्टचं काम एवढंच, की कॅमेऱ्याचा वेळ त्या दोन जागांना द्यायचा.

आता आठ जणांच्या पाकळ्या एकसारख्या येणार कशा? त्याचा फंडा सिंपल आहे. पट्टीची लांबी सगळ्यांची सारखी ठेवायची आणि गुंडाळी उलगडू द्यायची ते वर्तुळही सारखं ठेवायचं. या दोन गोष्टी जुळल्या, की हात कुणाचाही असो, पाकळीचा आकार जवळपास तोच येतो. म्हणून पट्ट्या तुम्हीच मोजून कापा आणि वाटून टाका, प्रत्येकाच्या अंदाजावर सोडू नका.

साहित्य

पाकळ्यांसाठी ३ मिलिमीटर रुंदीच्या क्विलिंग पट्ट्या, आठ रंगांत. स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात तयार पाकीट मिळतं. पाकिटानुसार पट्टीची लांबी बदलते, म्हणून प्रत्येक पट्टी ४० सेंटिमीटरची करून घ्या. प्रत्येकाला दोन द्या, एक सरावासाठी आणि एक खरी.

फुलाच्या मध्यासाठी २० सेंटिमीटरची पिवळी पट्टी. दोन पानांसाठी २५-२५ सेंटिमीटरच्या हिरव्या पट्ट्या आणि देठासाठी ६ सेंटिमीटरचे दोन हिरवे तुकडे.

पट्टी गुंडाळायला टोकाला फट असलेली क्विलिंगची सुई. आठ सुया विकत घ्यायची गरज नाही. टूथपिकच्या बोथट टोकाला ब्लेडने अर्ध्या सेंटिमीटरची चीर पाडली, की काम झालं. (चीर तुम्हीच पाडून द्या. ऑफिसात आठ ब्लेड फिरवणं बरं दिसत नाही.)

एका छोट्या कागदावर पेनने काढलेलं १५ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ, प्रत्येकाला एक. पांढरा फेविकॉल आणि तो लावायला साधी टूथपिक. ग्लू स्टिक नको. तिचा थर जाड बसतो आणि इतक्या बारीक कडेवर तो आवरत नाही.

कार्डासाठी २५० ते ३०० जीएसएमचा पांढरा किंवा क्रीम कार्डपेपर. ए-फोरचा अर्धा कागद घेऊन मधोमध दुमडला, की साधारण साडेदहा बाय पावणेपंधरा सेंटिमीटरचं उभं कार्ड तयार होतं.

पट्ट्या, चीर पाडलेली टूथपिक आणि वर्तुळाचा कागद एका लिफाफ्यात घालून सोमवारी आठ डेस्कवर ठेवून द्या. फेविकॉलची एकच छोटी बाटली फिरू द्या.

कॅमेरा लावताना

पुस्तकांच्या दोन सारख्या थप्प्या रचा आणि वर पट्टीसारखं काहीतरी कडक आडवं टाकून त्यावर फोन पालथा ठेवा. कॅमेरा टेबलापासून २५-३० सेंटिमीटर उंच हवा. क्लोज-अप म्हणून फोन अगदी नाकाला नाक लावून नेलात, तर फोकस धूसर होतो. काही फोन स्वतःहून मॅक्रो लेन्सवर उडी मारतात आणि चालू शॉटमध्ये चित्र हलतं. त्यापेक्षा लांबून दोन एक्स झूम करा. रेकॉर्डिंगच्या आधी स्क्रीनवर बोट दाबून धरलं, की बहुतेक फोनमध्ये फोकस लॉक होतो. लॉक नसेल, तर कॅमेरा कधी हातावर, कधी टेबलावर असा भरकटत राहतो.

हात फ्रेममध्ये खालच्या बाजूने आले पाहिजेत, म्हणजे बघणाऱ्याला ते स्वतःचेच हात वाटतात. समोरून शूट केलंत तर सगळं उलटं दिसतं. टीममध्ये कुणी डावखुरं असेल, तर तोच व्हिडिओ आरशासारखा फ्लिप करून त्यांना वेगळा पाठवा.

प्रकाश खिडकीतून, एका बाजूने येऊ द्या. पट्टीच्या कडेला बारीक सावली पडली, तरच गुंडाळीतली वेटोळी मोजता येतात. डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये सगळं सपाट दिसतं आणि कधीकधी चित्रात काळे पट्टेही सरकतात. खाली राखाडी किंवा गडद, न चमकणारा कागद अंथरा.

आणखी एक. बहुतेक जण हा व्हिडिओ डेस्कवर आवाज बंद करून बघणार आहेत. त्यामुळे आकडे बोलून भागणार नाही, स्क्रीनवर लिहायलाच हवेत.

स्क्रिप्ट : भाग पहिला, पाकळी

शॉट १, आठ सेकंद. दिसतं : बोटाच्या टोकावर ठेवलेली एक तयार पाकळी. ऐकू येतं : 'आपल्याला प्रत्येकी ही एवढी एकच करायची आहे. चहाच्या एका ब्रेकमध्ये होते.' पूर्ण कार्ड इथे दाखवायचं नाही. ज्यांनी पाकळ्या केल्या, त्यांच्यासाठीही ते सरप्राइज राहू द्या.

शॉट २, पंधरा सेकंद. दिसतं : लिफाफ्यातल्या वस्तू वरून एकेक करून ठेवल्या जातात. स्क्रीनवर : 'पट्टी ४० सेंमी, वर्तुळ १५ मिमी'.

शॉट ३, पंधरा सेकंद, क्लोज-अप. दिसतं : पट्टीचं एक टोक अगदी किंचित, नखाएवढं फाडलं जातं. ऐकू येतं : 'कापायचं नाही, फाडायचं. फाटलेली कड पातळ असते, त्यामुळे चिकटवल्यावर जोड दिसत नाही.'

शॉट ४, तीस सेकंद. दिसतं : पट्टीचं दुसरं टोक टूथपिकच्या चिरेत अडकवून गुंडाळायला सुरुवात. पहिले दहा सेकंद खऱ्या वेगात, पुढचं चौपट वेगाने. ऐकू येतं : 'डाव्या हाताच्या दोन बोटांनी पट्टी हलकी ताणून धरा. कडा एकावर एक बसल्या पाहिजेत. गुंडाळी निमुळती होऊन बाहेर येऊ लागली, तर टेबलावर टेकवून बोटाने सपाट करा.'

शॉट ५, चाळीस सेकंद, क्लोज-अप. हा पहिला महत्त्वाचा शॉट. दिसतं : गुंडाळी टूथपिकवरून काढली जाते. बोटं बाजूने, मधली जागा मोकळी. ऐकू येतं : 'टूथपिक ओढायची नाही. गुंडाळी मागून अंगठ्याच्या नखाने पुढे सरकवायची.' कारण स्क्रीनवर दाखवा : ओढली की मधलं टोक चिरेत अडकतं आणि पूर्ण गुंडाळी स्प्रिंगसारखी वर खेचली जाते. एक गुंडाळी मुद्दाम ओढून तो 'शंकू' दाखवाच. एकदा बघितला की कुणी विसरत नाही.

मग गुंडाळी वर्तुळाच्या कागदावर ठेवा आणि बोटं हळूहळू सैल करा. ती स्वतःच उलगडते. बाहेरचं वेटोळं रेषेला टेकलं, की थांबायचं. इथे फ्रेम पाच सेकंद तशीच ठेवा. नवख्या माणसाची बोटं हमखास याच क्षणी निसटतात आणि गुंडाळी वर्तुळाबाहेर पळते. पळाली तर बाहेरचं टोक धरून हलकेच आवळा, पुन्हा रेषेत येते. नवी पट्टी लागत नाही.

शॉट ६, पंचवीस सेकंद, क्लोज-अप. दिसतं : टूथपिकच्या टोकावर फेविकॉलचा ठिपका. ऐकू येतं : 'खसखशीच्या दाण्याएवढा. मोहरीएवढाही नको.' फाटलेल्या टोकाखाली तो लावा आणि दहा सेकंद दाबून धरा. फेविकॉल जास्त झाला, तर आतल्या दोन वेटोळ्यांत झिरपतो, ती एकमेकांना चिकटतात आणि पुढे आकार देताना पाकळी एका बाजूने आखडते. वाळल्यावर तिथे चकचकीत डागही दिसतो.

शॉट ७, पंचेचाळीस सेकंद, क्लोज-अप. हा दुसरा महत्त्वाचा शॉट आणि याचे दोन टेक घ्या, एक वरून आणि एक बाजूने. दिसतं : जोड उजवीकडे येईल अशी गुंडाळी धरली जाते. डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीने मधली वेटोळी डाव्या कडेला सारून धरली जातात. मग उजव्या हाताच्या नखांनी जोडाच्याच जागी चिमटा. ऐकू येतं : 'आधी मधला भाग एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला चिमटा. टोक पाच सेकंद दाबून ठेवा.'

हा क्रम उलटा झाला, की पाकळीचा गोल डोळा मधोमध अडकून राहतो. जोडाच्या जागीच चिमटा काढायचं कारणही सांगून टाका : जोड टोकाच्या घडीत लपतो.

शॉट ८, वीस सेकंद. दिसतं : शेजारी शेजारी दोन पाकळ्या, एक बरोबर, एक चुकलेली. ऐकू येतं : 'गोल बाजूला वेटोळी दाट, टोकाकडे विरळ होत गेलेली, म्हणजे जमली. लांबी दोन सेंटिमीटरच्या आसपास. टोक परत उघडलं, तर पुन्हा नखाने दाबा.' मग स्क्रीनवर : 'गुरुवारपर्यंत लिफाफ्यात परत. दाबू नका, वर फाइल ठेवू नका.'

झाला पहिला भाग. सगळे शॉट मिळून तीन मिनिटं अठरा सेकंद होतात.

रंगांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आठही पाकळ्या लाल केल्या, तर फूल जास्त क्लासी दिसेल असं वाटतं ना? पण एकाच रंगात डोळा लगेच फरक शोधायला लागतो. कुणाची वेटोळी घट्ट, कुणाची सैल, हे पटकन कळतं. आठ रंग असले, की डोळा रंग बघतो आणि वेटोळ्यांचं अंतर विसरतो. नवख्या आठ हातांना सांभाळून घ्यायचा याहून स्वस्त उपाय नाही. ज्याला जो रंग आवडेल तो उचलू द्या.

स्क्रिप्ट : भाग दुसरा, कार्ड

हा भाग गुरुवारी संध्याकाळी, पाकळ्या जमल्यावर, एकट्याने शूट करायचा.

शॉट ९, दहा सेकंद, क्लोज-अप. दिसतं : २० सेंटिमीटरची पिवळी पट्टी घट्ट गुंडाळून, अजिबात सैल न सोडता टोक चिकटवलं जातं. सहा-सात मिलिमीटरची टिकली होते. कार्डाच्या वरच्या कडेपासून ५ सेंटिमीटर खाली, रुंदीच्या मधोमध ती चिकटवा.

शॉट १०, तीस सेकंद, वरून. दिसतं : प्लॅस्टिकच्या झाकणावर फेविकॉलचा पातळ थर, त्यात पाकळीची खालची कड टेकवून ती कार्डावर, टोक टिकलीकडे. ऐकू येतं : 'आधी घड्याळातले बारा, तीन, सहा, नऊ. मग त्यांच्या मधल्या चार.' एकामागून एक गोल फिरत गेलात, तर प्रत्येक वेळी अर्धा मिलिमीटर सरकत सरकत आठव्या पाकळीला जागाच उरत नाही. चिकटवण्याआधी आठही कोरड्याच मांडून बघा. शेजारच्या दोन पाकळ्यांत मिलिमीटरभर फट राहिली पाहिजे. एखादी जाडजूड आलीच असेल, तर बाजूने हलकेच दाबून बारीक करा. ती बाद मात्र करू नका. कुणाचा तरी चहाचा ब्रेक आहे तो. पूर्ण फूल साधारण साडेचार सेंटिमीटरचं होतं.

शॉट ११, वीस सेकंद, क्लोज-अप. दिसतं : देठाचे दोन हिरवे तुकडे एकमेकांना चिकटवून मग कडेवर उभे केले जातात. एकेरी पट्टी कडेवर उभी राहत नाही, लवंडते. दुहेरी राहते, आणि वाळायच्या आत बोटाने थोडा बाकही देता येतो. पानांची २५ सेंटिमीटरची पट्टी त्याच १५ मिलिमीटरच्या वर्तुळात उलगडायची, चिमटा मात्र दोन्ही टोकांना.

यानंतर कार्डाच्या आत पेनने त्याच फुलाची बाह्यरेषा काढा आणि प्रत्येक पाकळीसमोर ती करणाऱ्याचं नाव त्याने स्वतःच्या अक्षरात लिहू द्या. बाहेरची जांभळी पाकळी कुणाची, हे आत उघडून बघायचं. कार्ड रात्रभर उघडंच वाळू द्या. पावसाळ्यात जरा जास्तच वेळ द्यावा लागतो, कारण दमट हवेत फेविकॉल सावकाश वाळतो आणि कागदही मऊ पडतो.

शॉट १२, रिव्हील, पंचवीस सेकंद. आता वरून शूट करायचं नाही! वरून बघितलं तर क्विलिंग छापलेल्या चित्रासारखं दिसतं. त्याची गंमत आहे ती कागदावर उभ्या असलेल्या तीन मिलिमीटरमध्ये. फोन हातात घ्या, टेबलाच्या जवळजवळ पातळीला आणा, खिडकी एका बाजूला ठेवा. फ्रेममध्ये आधी फक्त एक पाकळी, अगदी जवळून. मग फोन हळूहळू मागे घ्या. दुसरी पाकळी येते, तिसरी येते, आठ होतात, देठ दिसतो, कार्ड दिसतं. शेवटी एक हात येऊन कार्ड उघडतो आणि नावं दिसतात. शेवटच्या दहा सेकंदांत एक शब्दही बोलू नका, म्युझिकही नको. प्रत्येक जण स्वतःची पाकळी शोधत असतो, त्यात लुडबुड कशाला?

आणि हा दुसरा भाग ग्रुपवर टाकायचा तो फेअरवेल झाल्यावर. आधी टाकलात आणि जाणारी व्यक्ती अजून त्याच ग्रुपवर असली, तर संपलंच!

कार्ड द्यायचं कसं, हाही प्रश्न आहे. साध्या लिफाफ्यात घालून बॅगेत कोंबलंत, तर लॅपटॉपच्या वजनाने पाकळ्या आडव्या होतात. मिठाईच्या किंवा शर्टाच्या उथळ खोक्यात, खाली टिश्यू घालून द्या. लॅमिनेशनचा मोह टाळा, त्यात सगळं चेपून सपाट होतं. तिने ते नव्या ऑफिसात डेस्कवर ठेवायचं म्हटलं, तर थेट उन्हाची जागा नको, रंग उडतात. मागे जागा असलेली खोल फ्रेम मिळाली तर उत्तम.

जाता जाता. हा उद्योग काही नवा नाही. युरोपात लोक पूर्वी पक्ष्याच्या पिसाच्या दांडीवर कागद गुंडाळायचे, दांडीला इंग्रजीत क्विल म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. जेन ऑस्टिनच्या १८११ साली आलेल्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' या कादंबरीत एलिनॉर एका लहान मुलीच्या टोपलीसाठी कागद गुंडाळायला लुसीला मदत करते. खरं कारण वेगळंच असतं. बाकीचे पत्ते खेळत असताना तिला लुसीशी एक नाजूक विषय निवांत बोलायचा असतो. हात कामात असले, की समोरच्याच्या डोळ्यांत न बघता अवघड गोष्टी बोलता येतात.

तेव्हा लिफाफा देताना एक पट्टी जास्तीची ठेवा. जाणाऱ्या मैत्रिणीच्या शेजारी बसणारा तो शांत मुलगा असतो ना, जो कार्डावर कायम नुसती सही करतो, त्याची पहिली पाकळी बहुतेक शंकू होईल. त्याला दुसरी करायला बसा सोबत.